छपनच्या दुष्काळाची ओवी आणि पंधरा गुणांचं उत्तर: लोकगीत पुरावा म्हणून कसं वापरायचं

इतिहासाच्या पेपरात किंवा प्रकल्पात एक प्रश्न फिरून फिरून येतो: ‘मौखिक साधनांचं इतिहासलेखनातील महत्त्व आणि मर्यादा सांगा.’ बहुतेक जण गाईडमधल्या चार ओळी महत्त्वाच्या आणि चार ओळी मर्यादांच्या लिहून मोकळे होतात. गाणं मात्र एकही देत नाहीत. काही जण उलट करतात. आजीकडून आणलेल्या दहा ओव्या लिहितात आणि खाली ‘यावरून तत्कालीन समाजजीवन दिसते’ असं वाक्य टाकतात. दोन्ही उत्तरांना बेतासबात गुण पडतात, कारण दोन्हींत गाण्याची उलटतपासणीच नसते.

मी एम.ए.ला असताना हे प्रकरण शिकलो आणि पुढे धाकट्या भावंडांच्या वह्या तपासत आलो. खान्देशातल्या मुलांकडे गाण्यांची कमी नाही. आखाजीची झोक्यावरची गाणी आहेत, कानबाईची आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत, वहीगायन आहे. अडतं ते पुढे, गाण्याला प्रश्न कसे विचारायचे इथे. म्हणून सगळ्या प्रकारांची यादी देत बसत नाही. दुष्काळाची एकच ओवी घेऊन ती शेवटपर्यंत तपासू.

आधी जवळ काय हवं

- आवाज नोंदवायला फोन, आणि सोबत कागदाची वही. फोनवर गाणं राहतं. गाण्याआधी आणि नंतर बाई जे बोलते, ते वहीत लागलीच उतरवा.
- गाणाऱ्या व्यक्तीची परवानगी. नाव छापायचं की नाही, हे तिलाच विचारा.
- जंत्री, म्हणजे शक, संवत आणि इसवी सन यांचा मेळ घालणारं पुस्तक.
- त्या काळाचा निदान एक लेखी कागद: गॅझेटियर, दुष्काळाचा सरकारी अहवाल, जनगणना, नाहीतर एखाद्या घरातली जुनी चोपडी.
- अहिराणी किंवा लेवा बोली चांगली समजणारं घरातलं कोणीतरी. तुम्हाला स्वतःला येत असली तरी जुने शब्द विचारायला एक म्हातारं माणूस लागतंच.

धुळ्याजवळच्या कॉलेजात असाल तर राजवाडे संशोधन मंडळात एक चक्कर मारा. प्रत्यक्ष गावात जाणं जमत नसेल, तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर आहे. त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि बऱ्याच ओव्यांसोबत गाणारीचं नाव, गाव आणि ध्वनिमुद्रण मिळतं. गाणाऱ्याचा पत्ता नसलेल्या छापील पुस्तिकेपेक्षा असा संग्रह केव्हाही बरा.

## १. गाणं कोणत्या जातीचं, ते आधी ठरवा

पोवाडा आणि ओवी एकाच पिशवीत टाकू नका. उत्तरातला पहिला घोळ इथेच होतो.

पोवाडा शाहीर गातो, लोकांसमोर गातो, आणि पुष्कळदा कोणाच्या तरी आश्रयाने गातो. त्याचा विषय लढाई आणि वीर. ओवी बाई पहाटे जात्यावर गाते. समोर श्रोता नसतो, बिदागी नसते आणि विषय घरचा असतो. त्यामुळे दोघांच्या खोटेपणाची जागाही वेगळी. शाहीर नायकाला मोठा करतो. ओवीतली बाई माहेराला मोठं करते.

पोवाड्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण सिंहगडाचं. लढाई १६७० सालची. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात जिजाबाई शिवाजी महाराजांशी सोंगट्या खेळतात आणि पणात सिंहगड मागतात. तानाजीची यशवंती घोरपड कडा चढते. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे चढाईत पटाईत असे निवडक मावळे वानरासारखे कडा चढतात. आपण वाचतो तो पोवाड्याचा पाठ अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांच्या १८९१ सालच्या संग्रहातून आलेला. म्हणजे घटना आणि छपाई यांच्यात दोन शतकांहून जास्त अंतर आहे.

यावरून ‘पोवाडा खोटा’ असं लिहिलंत तर उत्तर अर्धंच राहतं. रात्रीची कड्यावरची चढाई, तानाजीचं मरण आणि गड हाती येणं यांवर पोवाडा आणि बखर एकमताने बोलतात. घोरपड आणि सोंगट्या पोवाडा एकटाच सांगतो. पहिल्या भागाला पोवाडा दुजोरा देतो. दुसरा भाग लढाईबद्दल कमी आणि ती गोष्ट पुढच्या पिढ्यांना कशी ऐकायला आवडली याबद्दल जास्त सांगतो. एकाच गाण्याचे असे भाग पाडून प्रत्येकाचं वजन वेगळं ठरवायचं, पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

आणखी एक जाता जाता. बहिणाबाई चौधरींच्या कवितांना उत्तरात ‘लोकगीत’ म्हणू नका. त्या तोंडी रचलेल्या आहेत, पण रचणारी एक आहे आणि ती आपल्याला ठाऊक आहे. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे त्या कागदावर राहिल्या आणि बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आल्या. आपल्या भागातलं नाव म्हणून कुठेही चिकटवायचं, हा मोह आवरा.

## २. गाणं उतरवून घेताना

गाणं अहिराणीत असेल तर अहिराणीतच लिहा. प्रमाण मराठी अर्थ खाली वेगळा द्या. ‘सुधारून’ लिहिलेलं गाणं पुराव्याला निकामी होतं, कारण मग परीक्षक तुमचे शब्द तपासतो, बाईचे नाही.

गाण्यासोबत चार गोष्टी नोंदवा: गाणारीचं अंदाजे वय, तिचं माहेर कुठलं, सासर कुठलं, आणि हे गाणं ती कोणाकडून शिकली. यातलं माहेर विसरलात तर सहाव्या पायरीला अडकाल. गाणं कोणत्या प्रसंगी गातात तेही विचारा. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात. त्या दिवसांत झोक्यावर म्हटलेल्या गाण्यात माहेरचं कौतुक येणारच. ते दरवर्षीचं ठरलेलं कौतुक आहे, एखाद्या विशिष्ट साली माहेरी सुबत्ता होती याचा दाखला नाही.

आता सरावाची ओवी. ही मीच रचली आहे, फक्त पद्धत दाखवण्यासाठी. उत्तरात पुरावा म्हणून वापरू नका. तिथे तुमच्या गावची, खरी, नोंदवलेली ओवीच हवी.

> छपननं साल उनं, हिरना तय दिसना
> रुपयाले आठ शेर, दाना सोनाना व्हयना
>
> पाटली मन्ही गयी सावकारना घर
> भाऊ गया खडीवर, माय रडे दारवर

छपनचं साल आलं, विहिरीचा तळ दिसला. रुपयाला आठ शेर, दाणा सोन्याचा झाला. माझी पाटली सावकाराच्या घरी गेली. भाऊ खडीवर गेला, आई दारात रडते.

## ३. गाण्याचे तुकडे करा

ओवी सलग वाचली की डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवून बसतो. म्हणून वहीत एकाखाली एक विधानं लिहून काढा. आपल्या ओवीत पाच विधानं आहेत: साल छपन होतं, विहिरी आटल्या, धान्य रुपयाला आठ शेर झालं, बाईचा दागिना सावकाराकडे गेला, भाऊ खडी फोडायला गेला.

आता प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: हे खरं की खोटं, ते मला दुसरीकडे कुठे कळेल? साल जंत्रीत. विहिरी आणि पाऊस सरकारी अहवालात. भाव दरांच्या तक्त्यात. खडीचं काम दुष्काळी कामांच्या नोंदीत. पाटली मात्र अडून बसते. ती सावकाराच्या वहीत असेल तर असेल, नाहीतर कुठेच नाही. जे विधान कागदावर सापडणं सगळ्यांत अवघड, तिथेच गाण्याची सगळ्यांत जास्त गरज असते, आणि तिथेच ते पडताळायला सगळ्यांत कठीण असतं. उत्तरातलं ‘महत्त्व’ आणि ‘मर्यादा’ या एका पाटलीपाशी एकत्र सापडतात. तेव्हा दोन्हींसाठी वेगळे परिच्छेद पाडायची गरजही उरत नाही.

## ४. ‘छपन’ म्हणजे कोणतं साल

मुलं इथे हमखास फसतात. कोणी १८५६ लिहितो, कोणी १९५६. छपन हे विक्रम संवताचं साल आहे, संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. शकाने ते १८२१. १८९९ चा पावसाळा फसला आणि पश्चिम व मध्य भारताच्या मोठ्या भागात भयंकर दुष्काळ पडला. राजस्थान-गुजरातेत त्याला छपनिया म्हणतात. खान्देशाला गुजराथी आणि मारवाडी व्यापाऱ्यांचा शेजार जुना. त्यांच्या चोपड्या संवतावर चालत. त्यामुळे आपल्याकडच्या गाण्यात संवताचं साल आलं तर नवल नाही.

ठोकताळा असा: संवतातून ५७ किंवा ५६ वजा केले की इसवी सन येतो, शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो. दोन-दोन आकडे का, तर वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. शिवाय गुजराथी संवत कार्तिकात, म्हणजे दिवाळीनंतर बदलतो आणि मारवाडी रीतीचा संवत चैत्रात. १८९९ चा आषाढ कोरडा गेला, तेव्हा गुजराथी वहीत अजून ५५ साल चालू होतं. भुकेचे खरे महिने मात्र ५६ मध्ये पडले. म्हणून उत्तरात ‘१८९९-१९००’ असं जोडसाल लिहा. एकच साल ठोकून देऊ नका.

सालाचा आकडा नुसता आठवणीतला आहे की गाण्यातच बसलेला आहे, हेही पाहा. बाई गाणं म्हणते आणि नंतर बोलताना सांगते, ‘हाई छपनना दुकायनं गानं शे.’ तिचं बोलणं म्हणजे गाण्यावरचं भाष्य. ते वेगळं नोंदवा आणि उत्तरातही वेगळं ठेवा.

## ५. आकडा, भाऊ आणि खडी

‘रुपयाले आठ शेर’ वाचून आनंद होतो, कारण आकडा मिळाला. जरा थांबा. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्या हिशेबाने आठ शेर म्हणजे साडेसात किलोच्या आसपास. पण गावात शेर हे मापही होतं. पायली-अधोलीच्या घराण्यातलं हे माप भरून मोजायचं आणि जागोजागी वेगळं असायचं. गाण्यातला शेर तोललेला की मापलेला, हे गाणं सांगत नाही. त्यातून ओवीला ताल आणि यमक सांभाळायचं असतं. ‘आठ’ बसतो म्हणून आठ. दुसऱ्या गावात ‘सहा’ सापडला तर कपाळाला हात लावू नका. भाव चढल्याचा दाखला म्हणून ही ओळ चालेल. नेमका दर म्हणून चालणार नाही.

भावाचंही तसंच. ओवीत चांगलं-वाईट जे काही घडतं ते भावाला घडतं. भाऊ शेत नांगरतो, भाऊ साडी आणतो, भाऊ दूरदेशी जातो. तो या गीतप्रकाराचा ठरलेला माणूस आहे. त्यामुळे ‘भाऊ गया खडीवर’ ही ओळ एका खऱ्या माणसाच्या मजुरीची नोंद नव्हे. घरातले कमावते पुरुष कामासाठी बाहेर पडले, एवढंच तिच्यातून घ्या.

खडी मात्र फारच मजेशीर आहे. दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडणं १८९९-१९०० मध्येही होतं आणि १९७२ मध्येही. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या बाईने बहात्तरचा दुष्काळ स्वतः पाहिला आहे. छपनचा तिच्या आजीने किंवा पणजीने. गाणं जुनं असलं तरी खडीची ओळ नंतर शिरलेली असू शकते. ओळखायचं कसं? आजूबाजूचे शब्द पाहा. सुकडी किंवा लाल मिलो ज्वारी आली तर ती ओळ बहात्तरची, कारण त्या दोन्ही गोष्टी त्या दुष्काळात वाटल्या गेल्या. आण्याचा हिशेब आला तर ओळ जुनी असण्याची शक्यता वाढते, खात्री नाही. लोक आण्यात बोलणं पुढेही बरीच वर्षं विसरले नव्हते.

समजा, तुमच्या गाण्यात छपन आणि सुकडी एकत्र निघाले. मग गाणं फेकून द्यायचं का? मुळीच नाही. इटलीच्या तेर्नी गावात लुइजी त्रास्तुल्ली हा पोलाद कारखान्यातला कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मेला. पुढे कामगारांनी त्याचं मरण १९५३ च्या कामगारकपातीच्या लढ्यात घडल्यासारखं सांगितलं. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने ही तारखेची चूकच पुरावा म्हणून वाचली: लोकांना ते मरण कोणत्या लढ्याशी जोडावंसं वाटलं, ते त्यातून दिसतं. छपन आणि बहात्तर एकाच ओवीत आले असतील, तर गावाच्या आठवणीत दोन दुष्काळ एक झाले आहेत, असं म्हणता येईल. ते १९०० च्या इतिहासाचं साधन राहत नाही. १९७२ नंतरच्या आठवणीच्या इतिहासाचं साधन होतं. प्रश्न कोणत्या काळाचा आहे ते पाहून वापरा.

इथेच यान व्हान्सिना या इतिहासकाराने केलेला भेद वापरायचा. बोलणाऱ्याने स्वतःच्या आयुष्यात पाहिलेलं सांगितलं तर तो मौखिक इतिहास. पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी आलेलं असेल तर ती मौखिक परंपरा. आजीचं बहात्तर पहिल्या खणात, आजीचं छपन दुसऱ्या. एवढं वाक्य उदाहरणासकट लिहिलंत की परीक्षकाला कळतं, तुम्ही पाठ केलेलं नाही.

## ६. दुसरं गाव, तिसरं गाव

एक ओवी म्हणजे एक साक्षीदार. तीच ओवी आणखी दोन-तीन ठिकाणी मिळते का पाहा आणि पाठभेद शेजारी शेजारी लिहा. काय बदलतं आणि काय टिकतं, ते बघायचं. आठचे सहा झाले, भावाचा बाप झाला, पण पाटली आणि सावकार दर ठिकाणी कायम राहिले, तर तो गाण्याचा गाभा. बाकीचं गाणारीगणिक बदलणारं.

पण अमळनेरकडची ओवी पारोळ्याकडे सापडली म्हणजे दोन स्वतंत्र साक्षीदार मिळाले, असं समजू नका. गाणी बायांबरोबर चालतात. लेक नांदायला गेली की माहेरच्या ओव्या सासरच्या जात्यावर जातात. दोन गावांत जुन्या सोयरिकी असतील तर दुसरी ओवी म्हणजे पहिलीचीच नक्कल. म्हणूनच माहेर नोंदवायला सांगितलं होतं. ज्यांच्यात रोटीबेटी नाही अशा दोन समाजांत, किंवा तापीच्या दोन काठांवर दूरदूरच्या गावांत, तोच गाभा मिळाला तर त्याचं वजन खरं वाढतं.

कोण गात नाही, हेही इथेच विचारा. पाटली गहाण टाकायला आधी पाटली असावी लागते. ही ओवी थोडीफार शेती आणि थोडाफार डाग-दागिना असलेल्या घरातली आहे. जिच्याकडे मोडायला काहीच नव्हतं त्या मजूर बाईचा दुष्काळ या ओवीत नाही. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांचा तर नाहीच. त्यांची गाणी वेगळी, भाषा वेगळी. एका अहिराणी ओवीवरून ‘खान्देशातील जनतेची अवस्था’ असं लिहिलंत, तर निम्मी जनता बाहेरच राहिली.

## ७. कागदाशी मेळ घालताना

दोन फसव्या जागा सांगतो.

पहिली गॅझेटियरची. खान्देशाचं जुनं गॅझेटियर हाताशी सहज मिळतं, म्हणून मुलं छपनच्या दुष्काळासाठी त्याचाच हवाला देतात. ते १८८० साली छापलेलं आहे. वीस वर्षांनंतरच्या दुष्काळाबद्दल ते काय सांगणार? १८७६-७७ च्या दुष्काळासाठी किंवा एकूण शेती, सावकारी, मापं समजून घेण्यासाठी ते जरूर वापरा. छपनसाठी १९०१ च्या दुष्काळ आयोगाचा अहवाल, मुंबई इलाख्याचे त्या वर्षांचे अहवाल आणि १९०१ ची जनगणना पाहा.

दुसरी जिल्ह्याची. १९०० च्या कागदात ‘जळगाव जिल्हा’ शोधू नका. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि नंदुरबार वेगळा झाला तो थेट १९९८ मध्ये. म्हणजे त्या काळचा आकडा सबंध खान्देशाचा असतो आणि तुमची ओवी एका गावची. आकडा गावाला लावायचा नाही आणि ओवी जिल्ह्याला लावायची नाही.

कागद म्हणजे शेवटचा शब्द, असंही नाही. दुष्काळी कामावर किती माणसं होती ते अहवाल मोजतो. जी कामावर आली नाहीत, दुसरीकडे निघून गेली किंवा घरातच डाग मोडत राहिली, ती त्या मोजणीत येत नाहीत. अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला सरकारचा बंदोबस्त पुरेसा होता हे दाखवायचंही असतं. ओवीची जशी उलटतपासणी केलीत तशी एका वाक्यात कागदाचीही करा. फक्त गाण्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारं उत्तर एकांगी वाटतं.

## ८. उत्तरात हे कसं उतरवायचं

पंधरा गुणांच्या उत्तराला एक गाणं पुरतं, फार तर दोन. मी सुचवतो तो क्रम असा. आधी दोन वाक्यांत मौखिक इतिहास आणि मौखिक परंपरा यांतला फरक. मग पोवाडा आणि ओवी यांच्या हेतूंतला फरक, सिंहगडाच्या उदाहरणासह, एका परिच्छेदात. मग तुमची ओवी आणि तिची तपासणी. उत्तराचा निम्मा भाग तिला द्या. शेवटी तिच्या आधाराने काय म्हणता येतं आणि काय येत नाही, ते.

तपासणीचा परिच्छेद साधारण असा दिसेल:

‘या ओवीतील “छपन” हे विक्रम संवत १९५६ असल्याने तिचा रोख १८९९-१९०० च्या दुष्काळाकडे आहे. धान्याचे भाव चढल्याचे ती सांगते. मात्र “आठ शेर” हा आकडा माप अनिश्चित असल्याने आणि पाठभेदांत बदलत असल्याने दर म्हणून घेता येत नाही. खडीचा उल्लेख १९७२ च्या अनुभवातून आला असण्याची शक्यता आहे. दागिना सावकाराकडे गेल्याचा उल्लेख मात्र मिळालेल्या सर्व पाठांत आहे. सरकारी अहवाल प्रामुख्याने दुष्काळी कामांवरील माणसे मोजतात, त्यामुळे घरातील स्त्रीधन मोडून काढलेले दिवस त्यांत दिसत नाहीत. ती बाजू या ओवीतून पुढे येते. तरीही ही साक्ष दागिने असलेल्या शेतकरी घरांपुरती आहे. भूमिहीन आणि आदिवासी कुटुंबांबद्दल तिच्यावरून विधान करता येणार नाही.’

यात ‘असण्याची शक्यता आहे’, ‘घेता येत नाही’, ‘पुरती आहे’ अशी वाक्यं मुद्दाम आहेत. प्रत्येक विधानाला किती जोर द्यायचा, ते क्रियापदातून कळलं पाहिजे. सगळीकडे ‘सिद्ध होते’ लिहिणं जसं चूक, तसं सगळीकडे ‘असू शकते’ लिहिणंही. वरच्या परिच्छेदात साल ठाम आहे, खडी डळमळीत आहे आणि पाटली मधोमध.

वेळ कमी असेल तर सिंहगडाचा परिच्छेद तीन ओळींवर आणा. ओवीची तपासणी कापू नका.

प्रकल्प असेल तर गाणं परिशिष्टात पूर्ण द्या: अहिराणी पाठ, मराठी अर्थ, गाणारीचं वय, माहेर-सासर, नोंदवल्याची तारीख, प्रसंग आणि कोणाकडून शिकली ते. नाव द्यायला ती नको म्हणाली असेल तर ‘गाणारी क्र. १’ लिहा आणि गावाऐवजी तालुका द्या. ध्वनिमुद्रणाची प्रत तोंडी परीक्षेला सोबत ठेवा. बाहेरचे परीक्षक अहिराणी न समजणारे असले तर ‘तय दिसना’ म्हणजे काय, हा प्रश्न पहिला येतो.